मावसभाऊ : पायलट लिहितानाचा माझा अनुभव

गोरेगावातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या तीन मुलांवरच्या सिटकॉमचा पायलट, म्हणजे मालिकेचा पहिला नमुना भाग, लिहायला घेतला, तेव्हा बावीस मिनिटांच्या भागाचा माझा पहिला खर्डा बत्तीस पानांचा झाला होता. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार एकट्या नितीनच्या नावावर आहे, म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींनी हटकल्यावर तो गौरवची ओळख ‘माझा मावसभाऊ’ अशी करून देतो. चुलतभाऊ म्हटले असते तर आडनाव जुळावे लागले असते. मावसभावाचे आडनाव वेगळे असले तरी कोणी शंका घेत नाही. हाच विनोद पुढे मालिकाभर चालवायचा, असे मी ठरवले होते.

खर्ड्यात तो सात वेळा आला होता. मित्रांनी पात्रे वाटून घेऊन वाचन केले, तेव्हा हशा आला तिथे मी समासात खूण करत गेलो. पहिल्या दोन वेळा खूण झाली, तिसऱ्यांदा कोणी तरी नुसते हसल्यासारखे केले आणि चौथ्यापासून समास कोराच राहिला. कारण शोधायला मला दोन दिवस लागले. प्रत्येक वेळी तोच नितीन, त्याच अडचणीतून, तेच वाक्य बोलत होता; शिवाय ‘अरे, किती मावसभाऊ आहेत तुला!’ हे गौरवचे वाक्य प्रेक्षकाने स्वतः करायची मोजणी आधीच करून टाकत होते.

मी ते वाक्य काढले आणि सातच्या तीन जागा केल्या. पहिल्या जागी ती फक्त वेळ मारून नेणारी थाप आहे आणि तिथे हशा आला नाही तरी चालते. दुसऱ्या जागी तिसरा मुलगा सुहास सामान घेऊन दारात उभा असतो, नितीन तोंड उघडण्याआधीच सेक्रेटरी ‘हेही मावसभाऊच ना?’ म्हणतात आणि वहीत नोंद करतात. तिसरी जागा मला सर्वांत मोलाची वाटते. डिपॉझिटचे पैसे मागायला आलेल्या नितीनला गौरव शांतपणे विचारतो, ‘मावसभावाकडून कोणी पैसे घेतं का रे?’ करारावर नाव असल्यामुळे घरात ज्याचा शब्द चालत होता, तो त्याच्याच थापेने अडकतो आणि तिघांमधले पुढचे नाते तिथे ठरते.

शेवटच्या अर्ध्या मिनिटासाठी बीज आधीच पेरून ठेवावे लागले. चौथ्या पानावर सुहास फोनवर ‘उद्यापासून मावशी येणार आहेत स्वयंपाकाला’ एवढेच सांगतो. ती ओळ मी मुद्दाम भाजीच्या हिशेबात दडवली. अखेरीस त्या बाई बेल वाजवतात, आतून तिघेही एका सुरात ‘मावशी आल्या!’ म्हणून ओरडतात आणि जिन्यात उभे असलेले सेक्रेटरी चप्पल काढून त्यांना वाकून नमस्कार करतात.

दुसऱ्या वाचनात त्या जागी मी समासात खूण केली, आणि दुसऱ्या भागाचे पहिले दृश्य सेक्रेटरींच्या घरून मावशींना आलेल्या हळदीकुंकवाच्या बोलावण्याने सुरू केले.