तुम्ही विचारलंत म्हणून: लोगोखालची वीण

"लोगो निघतो हो, पण त्या जागचा कपडा इस्त्री फिरवल्यासारखा सपाट दिसतो. तुम्ही खालची वीण परत कशी आणता?"

कपड्याच्या फोटोत दोन गोष्टी एकमेकींवर बसलेल्या असतात. एक म्हणजे रंग आणि घड्यांची सावली, जी हळूहळू बदलते. दुसरी म्हणजे धाग्यांची बारीक उघडझाप. फोटोशॉपचा हीलिंग ब्रश दोन्हींना एकदम हात घालतो आणि लोगोच्या कडेजवळ गेला की तिथला गडद रंग आत ओढतो. मग तो डाग घालवायला आपण पुन्हा पुन्हा ब्रश फिरवतो आणि त्यात धागे झिजतात. म्हणून मी आधी या दोन गोष्टी वेगळ्या करते.

मागच्या हंगामातली खाकी कॅनव्हासची झोळी सांगते. उत्पादकाने लोगो बदलला होता. नव्या मालावर छपाई नव्हती, फक्त आत लेबल होतं, पण फोटोत जुना गडद निळा लोगो तसाच. फोटोत एकेक धागा साधारण 6 पिक्सेल जाडीचा होता. मूळ लेयरच्या दोन प्रती काढल्या. खालच्या प्रतीला 8 पिक्सेलचा `Gaussian Blur` दिला. एवढ्याने धागे पूर्ण विरतात, घडी मात्र राहते. वरच्या प्रतीवर `Apply Image` उघडून खालचा लेयर निवडला, `Blending: Subtract`, `Scale: 2`, `Offset: 128`, आणि त्या लेयरचा मोड `Linear Light` केला. हे आकडे 8 बिट फाइलचे आहेत. दोन्ही लेयर मिळून फोटो जसाच्या तसा दिसला, तर विभागणी बरोबर झाली.

आता खालचा लेयर. ब्लरमुळे निळा रंग लोगोच्या कडेबाहेरही झिरपलेला असतो, म्हणून निवड लोगोच्या रेषेवर न थांबवता सगळीकडून 20 पिक्सेल बाहेर नेते. नाहीतर शेवटी पुसट निळसर कडा उरते आणि ती कुठून आली ते कळत नाही. या झोळीत एक तिरकी घडी लोगोतून जात होती. ती अंदाजाने रंगवू नये. शाईच्या भागावर तात्पुरता `Curves` लावून तो उजळला की शाईखालूनही घडीची सावली दिसते, कारण पातळ छपाई कपड्याबरोबरच वळते. त्या मार्गाने वरची आणि खालची सावली जोडत मी क्लोन स्टॅम्पने मऊ ब्रश वापरून रंग भरला.

वेळ खातो तो वरचा, धाग्यांचा लेयर. इथे मऊ ब्रश वापरू नका. त्याच्या कडेला दोन विणी एकमेकींवर येतात, जुळल्या नाहीत तर त्यांची सरासरी होते आणि धागे पुसट होतात. मी ब्रशची कड जवळजवळ पूर्ण कडक ठेवते आणि `Sample: Current Layer` करते. साध्या विणीत उभा धागा एकदा वर, एकदा खाली जातो, बुद्धिबळाच्या पटासारखा. त्यामुळे 300 टक्के झूम करून, जिथे उभा धागा वर आहे तिथून स्रोत घ्यायचा आणि लोगोच्या बाहेर, तसाच उभा धागा वर असलेल्या जागी पहिला टिचका मारून आत सरकायचं. एका धाग्याची चूक झाली तर दोन वरचे धागे शेजारी येतात आणि बारीक रेघ उमटते. घडीच्या पलीकडे धागे थोडे झुकतात, तिथे स्रोत त्याच बाजूचा घ्यावा. तरीही कोन जुळत नसेल तर `Clone Source` मध्ये दोन-तीन अंश फिरवावा.

या झोळीतली माझी चूकही सांगते. सुतात एक जाड गाठ होती, ती स्रोतात आली आणि तीन ठिकाणी उमटली. मला ती दिसली नाही, उत्पादकाकडच्या विणकराला लगेच दिसली. तेव्हापासून मी सर्वांत वर एक तीव्र `Curves` लेयर ठेवून तपासते: त्यात छटांचे ठिपके, पुनरावृत्ती आणि निळसर कडा तिन्ही उठून दिसतात. हे 100 टक्के झूमवरच पाहावं. कमी झूमवर विणीचे लाटांसारखे पट्टे उमटतात आणि दिशाभूल होते.

भरतकाम केलेल्या लोगोवर हे चालत नाही. टाक्यांनी कपडाच आवळलेला असतो, सुरकुत्या लोगोबाहेरही पसरतात. तिथे मी फोटो पुन्हा काढायला सांगते. आणि छापील लोगो असला तरी वस्तू अजून हाताशी असेल, तर तिच्या कोऱ्या मागच्या बाजूचा एक फोटो त्याच प्रकाशात, त्याच अंतरावरून काढून मला पाठवा. तोच धागा, तीच जाडी, आणि लोगोइतकी मोठी जागा सलग मिळते.