दुग्धज्वर म्हणतात, पण थर्मामीटरवर निघाले 97.6

आमची चंद्री, संकरित गाय, तिसऱ्या वेताला व्याली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहिलं तर मान कुशीकडे वळवून बसलेली, उठायचं नाव नाही. आत्याबाई म्हणाल्या, "ताप भरलाय, तापाची गोळी दे." मी कानाला हात लावला. कान गारठलेले.

थर्मामीटर घेतला. आमचा पाऱ्याचा आहे, शेवटाला दोरी आणि कपड्याचा चिमटा बांधलेला, कारण एकदा तो आतच गेला होता. झटकून पारा 95 च्या खाली आणला, टोकाला गोडं तेल लावलं, गुदद्वारात घालून किंचित तिरका धरला आणि दोन मिनिटं थांबले. तिरका अशासाठी, की टोक आतल्या कातडीला टेकायला हवं. शेणात रुतलं किंवा आत हवा शिरली, की आकडा खोटाच कमी येतो.

आला 97.6. गाईचं साधारण 100.5 ते 102.5 असतं, म्हणून आपलंच चुकलं असं वाटलं. हातमोजा घालून शेण काढलं, थोडं थांबून पुन्हा लावला. 97.8. आता शंका उरली नाही.

मग नाडी. शेपटीच्या खालच्या बाजूला, बुडापासून चार-पाच बोटं खाली, मधोमध शीर लागते. अंगठ्याने नाही, अंगठ्याची स्वतःची नाडी असते. दोन बोटं हलकी टेकवायची. मिनिटाला 60 ते 80 ठोके नेहमीचे. चंद्रीची 96, आणि इतकी मऊ की दोनदा हरवली. श्वास मागून थोडं बाजूला उभं राहून भकाळीवर मोजला: वर-खाली मिळून एक, मिनिटाला 22. गाईला 15 ते 30 चालतात, म्हणजे तिथे बिघाड नव्हता.

हे तीन आकडे फोनवर सांगितले तर डॉक्टर म्हणाले, "गोळी देऊ नका, तोंडाने काही पाजू नका. कॅल्शियम कमी झालंय." हाच दुग्धज्वर; नावात ज्वर असला तरी या आजारात अंग थंड पडतं. त्यांनी येऊन शिरेतून कॅल्शियमची बाटली अगदी हळू सोडली, एक हात हृदयावर ठेवून. कॅल्शियम भराभर सोडलं तर हृदय थांबू शकतं. बाटली संपत आली तशी चंद्रीने ढेकर दिला, शेण टाकलं, थरथरत उभी राहिली.

शेळ्यांना हेच माप लावू नका. पहिल्यांदा शेळीचं 103 आलं तेव्हा मीही घाबरले होते. शेळी-मेंढीचं 102 ते 103.5 हे नेहमीचंच, नाडी 70 ते 90, आणि ती मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला लागते. पळवून धरलेल्या शेळीचे आकडे मात्र वहीत लिहू नयेत. मेंढी तर दुपारच्या उन्हात धापा टाकते, तेव्हा श्वास मोजण्यात अर्थच नाही. सावलीत तासभर शांत राहिली की मग मोजायचा.

चंद्रीचं संध्याकाळी मोजलं: 101.2. आत्याबाईंनी थर्मामीटर हातात घेऊन स्वतः वाचला.