डबल बारवरचे डिप्स आणि माझा उजवा खांदा

दोन समांतर बारवर हात टेकवून, कोपरे वाकवत अंग खाली-वर नेण्याचा व्यायाम म्हणजे डबल बारवरचे डिप्स. व्यायामशाळेत मला ते शिकवणाऱ्या प्रशिक्षकांनी दोनच सूचना दिल्या होत्या. ‘अंग सरळ ठेव’ ही पहिली आणि ‘अजून खाली जा’ ही दुसरी. या दोन्ही सूचना एकाच वेळी पाळल्यामुळे माझे चार महिने वाया गेले आणि त्याचा राग अजून मनातून गेलेला नाही. म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीचा टप्पा सोपा होता. जोर काढण्याची सवय असल्यामुळे बारवर हात ताठ ठेवून अंग तोलणे पहिल्याच आठवड्यात जमले आणि महिन्याभरात सलग सहा डिप्स होऊ लागले. अडचण त्यानंतर आली. डिप्सच्या तळाशी, म्हणजे दंड जमिनीला समांतर होण्याच्या सुमारास, उजव्या खांद्याच्या पुढच्या अंगाला बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी टोचल्यासारखे दुखू लागले. व्यायामाने स्नायू दुखतात ते दुसऱ्या दिवशी दुखतात आणि ते दुखणे पसरट असते. हे दुखणे मात्र त्याच क्षणी होई, एकाच बिंदूवर होई आणि रात्री त्या कुशीवर झोपल्यावर पुन्हा जाणवे. हा फरक मला तेव्हाच ओळखता यायला हवा होता. प्रशिक्षकांना सांगितले तेव्हा ‘खांदा मोकळा झालेला नाही, अजून खाली जा’ असे उत्तर मिळाले आणि मी ते मानले. दुखणे वाढत गेले. छातीला मात्र कधीच ताण जाणवला नाही, फक्त दंडामागचे स्नायू, म्हणजे ट्रायसेप्स, थकत.

अखेर एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी मला सरळ उभे करून, कोपर वाकवून, दंड जितका मागे जाईल तितका न्यायला सांगितला. खवाटा, म्हणजे खांद्यामागचे पसरट हाड, न हलवता तो जेमतेम 50 अंश मागे गेला. ‘बहुतेकांचा एवढाच जातो, तुमच्या खांद्यात दोष नाही,’ असे त्या म्हणाल्या आणि मग त्यांनी जे विचारले त्याने सगळे उलगडले: ‘अंग सरळ ठेवून तुम्ही दंड जमिनीला समांतर करता, तेव्हा तो अंगापासून किती अंश मागे गेलेला असतो?’

उत्तर अर्थातच 90 अंश असे होते. खांद्याची स्वतःची मुभा 50 अंशांची असताना उरलेले 40 अंश कुठून तरी काढावे लागतात. ते खवाटा पुढे कलंडून निघतात, खांदे कानांकडे सरकतात आणि दंडाच्या हाडाचा वरचा गोल भाग सांध्याच्या पुढच्या बाजूला रेटला जातो. माझी टोचणारी जागा नेमकी तीच होती. धड 30 अंश पुढे झुकवले, तर कंबर खांद्याच्या मागे जाते आणि दंड तितकाच समांतर असूनही धड आणि दंड यांच्यातला कोन 60 अंशांवर येतो. म्हणजे किती खाली जायचे हे धड किती झुकले आहे यावर ठरते, आणि सरळ अंगाने डिप्स मारणाऱ्याने अधिक लवकर थांबायला हवे. मला नेमके उलट शिकवले गेले होते.

आता छाती आणि ट्रायसेप्स यांच्यातली कामाची वाटणी. मी मोबाइल बारच्या उंचीवर ठेवून बाजूने चित्रण केले आणि तळाच्या क्षणी थांबवून पाहिले. बार आपल्याला तळहातातून सरळ वर ढकलत असतो, त्यामुळे तळहातातून जाणारी उभी रेघ मनात आखावी. त्या रेघेपासून कोपर आडवे जितके दूर, तितके ट्रायसेप्सचे काम जास्त. खांदा जितका दूर, तितके छातीचे आणि खांद्याच्या पुढच्या स्नायूचे काम जास्त. दंड समांतर असताना खांदा आणि कोपर यांच्यात समजा 30 सेंटिमीटर अंतर आहे. रेघ कोपरापासून 10 सेंटिमीटरवर असेल, तर खांद्याच्या वाट्याला 20 येतात. रेघ खांद्याखालीच असेल, तर जवळजवळ सगळे 30 कोपराच्या वाट्याला जातात. माझ्या चित्रणात कोपरे तळहाताच्या बरीच मागे गेलेली होती आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा हात मागे तिरका झालेला होता. छातीला काम का मिळत नव्हते, ते तिथे स्पष्ट दिसले. छातीसाठी हा हात शक्यतो उभा राहिला पाहिजे.

परंतु झुकायचे ठरवले म्हणून झुकता येत नाही, हे मला पुढच्या दोन आठवड्यांत कळले. बारवर अंगाचा तोल तळहातांच्या वरच राहतो. पाय पुढे असतील, तर तोल सावरण्यासाठी खांदे मागे जातात आणि धड आपोआप सरळ होते. गुडघे वाकवून पावले मागे नेली, की खांदे पुढे येतात आणि धड झुकते. त्यामुळे मान खाली घालून छाती ढकलण्याची धडपड मी सोडून दिली आणि पाय मागे घेऊन घोटे एकमेकांत अडकवले, तेव्हा झुकाव एका दिवसात जमला. ट्रायसेप्ससाठी डिप्स मारायचे असतील, तर पाय किंचित पुढे ठेवावेत, कोपरे अंगाजवळून सरळ मागे जाऊ द्यावीत आणि दंड समांतर होण्याच्या बरेच आधी थांबावे.

कोपरांच्या दिशेबद्दल एक सांगायचे राहिले. झुकलेल्या डिप्समध्ये कोपरे थोडी बाहेर गेली तर छातीचे स्नायू चांगले ताणले जातात, परंतु ती पूर्ण बाजूला फाकवली तर दंड आतल्या बाजूला वळतो आणि माझ्या खांद्याला तेही सोसले नाही. मागे आणि बाहेर यांच्या मधली तिरकी वाट मला मानवली.

झुकाव हा खांद्यावरचा उपकार आहे, असे मात्र कोणी समजू नये. कोन कमी होतो, पण रेघेपासून खांदा दूर गेल्यामुळे भार वाढतो. म्हणून मी पहिले सहा आठवडे बारला रबर बँड बांधून त्यावर गुडघे टेकवत असे. खाली एक स्टूल ठेवले होते आणि गुडघे त्याला लागले की तिथूनच वर येत असे. दर फेरीच्या आधी हात ताठ असताना खांदे कानांपासून दूर खाली दाबत असे आणि उतरताना तो दाब सुटला, की फेरी तिथेच संपवत असे. पाचव्या आठवड्यापासून टोचणे थांबले.

बाकावर मागे हात टेकवून मारायचे डिप्स मी कायमचे सोडले, कारण तिथे हात पाठीमागे अडकलेले असतात आणि धड पुढे झुकवायला जागाच उरत नाही. आणि बारचे अंतर आधीच पाहून घ्या. आमच्या व्यायामशाळेतले बार खांद्यांपेक्षा फारच रुंद होते. बागेतल्या थोड्या अरुंद बारवर त्याच पद्धतीने केलेले दहा डिप्स मला अधिक सहज गेले.