नियतच्या हदीसवर मी ‘मशहूर’ लिहिलं होतं

फोंड्याला आमचं कापडाचं दुकान. गेल्या पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी, म्हणून मगरिबच्या नमाजनंतर मौलानांकडे हदीसचे, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचे, प्रकार शिकायला जायला लागलो. गृहपाठ करायला दुकानातलं जुनं बिलबुक घेतलं, कोऱ्या पाठी वाया कशाला घालवायच्या!

पहिलीच हदीस होती ‘कर्मं नियतवर अवलंबून असतात’. सहीह बुखारी हा हदीसचा संग्रह तिच्यापासूनच सुरू होतो. मी खालून वर सनद, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं त्याची साखळी, काढली. याह्या बिन सईद अन्सारींकडून ऐकणारे मालिक, सुफ्यान सौरी, सुफ्यान बिन उयैना असे कितीतरी. नावं लिहिता लिहिता पान भरलं, आणि मी मोठ्या ऐटीत खाली ‘मशहूर’, म्हणजे पुष्कळांनी सांगितलेली, असं लिहून मोकळा झालो.

मौलानांनी पान बघितलं, आणि याह्याच्या वरच्या भागावर बोट ठेवलं. “इथं किती जण आहेत, मोज.”

मोजले. याह्यांनी ऐकलं मुहम्मद बिन इब्राहिम तैमींकडून, त्यांनी अल्कमा बिन वक्कासकडून, त्यांनी हजरत उमरकडून. प्रत्येक पायरीवर एकच माणूस.

“गर्दी याह्याच्या खाली आहे. सनदीची जात सगळ्यात अरुंद पायरी ठरवते. ही गरीब.”

‘गरीब’ म्हटल्यावर मला आपला पैशाचा गरीबच आठवला, म्हणजे कमजोर असणार. तसं बोलूनही गेलो. अरबीत त्याचा अर्थ परका, एकटा. एकट्याची गोष्ट खोटी असते असं नाही, तो माणूस विश्वासू आणि पक्क्या स्मरणाचा आहे का ते वेगळं तपासतात. ही हदीस तर सहीह, म्हणजे खात्रीचीच आहे. मला खरं नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं: हजरत उमरनी ही हदीस मिंबरवरून, मशिदीतल्या व्यासपीठावरून, सांगितली, म्हणजे ऐकणारे भरपूर असणार, पण भरवशाची सनद एकट्या अल्कमाचीच.

दुसऱ्या पानावर ‘मी आईबाप आणि मुलाबाळांपेक्षा प्रिय होईपर्यंत तुमच्यातला कोणी मोमिन नाही’ ही हदीस घेतली. मोमिन म्हणजे खरा श्रद्धावान. सांगणारे दोन सहाबी, म्हणजे पैगंबरांचे सोबती: अनस आणि अबू हुरैरा. अनसकडून घेणारे कतादा आणि अब्दुल अजीज बिन सुहैब. कतादाकडून शुअबा आणि सईद, अब्दुल अजीजकडून इस्माईल बिन उलय्या आणि अब्दुल वारिस. दोनच्या खाली कुठेच जात नाही, ती अजीज. आणि कुठल्याच पायरीवर तीनपेक्षा कमी नसतील, पण मुतवातिर म्हणण्याइतका, म्हणजे खोट्यासाठी संगनमत शक्यच नाही एवढा, जमावही नसेल, तर मशहूर.

घरी येऊन मुलीला हे सांगत होतो. ती म्हणाली, “बाबा, मग ‘देशप्रेम ईमानाचा भाग’ ही मशहूर ना? सगळ्यांनाच माहीत आहे.”

मी दुसऱ्या दिवशी विचारलं. मौलाना हसले. लोकांच्या तोंडी आहे म्हणून तिलाही मशहूर म्हणतात, पण तो शब्द तिथं मोजणीचा नाही. बिलबुकाचं तिसरं पान मी तिच्यासाठी ठेवलं होतं. ते कोरंच राहिलं, कारण त्या वाक्याला पैगंबरांपर्यंत जाणारी सनदच नाही.