आईच्या डोळ्याचे थेंब आणि १४७ ओळींची शीट

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी थेंबांचा तक्ता हातात ठेवला. पहिला आठवडा दिवसातून सहा वेळा, दुसरा पाच वेळा, असं उतरत सहाव्या आठवड्यात दिवसातून एकदा. मी बेरीज केली, १४७ वेळा. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात वर आई-बाबा आणि मी, खाली दादा-वहिनी. दादा गोकुळ शिरगावला कामाला, मी दिवसभर शिवाजी उद्यमनगरात. म्हणजे दुपारचे थेंब बाबांवर आणि वहिनींवर.

सुरुवातीला बाबांच्या फोनवर अलार्म लावले. दुसऱ्याच दिवशी दुपारी एकचा अलार्म बाबांनी बंद केला, तेवढ्यात गॅसवाला आला आणि थेंब राहिला. चौथ्या दिवशी उलटं झालं. वहिनींनी वर येऊन थेंब घातला, नंतर स्नूझ केलेला अलार्म वाजला आणि बाबांनी परत घातला. दोन्ही चुकांचं मूळ एकच होतं. अलार्मला फक्त वेळ कळते, काम झालं की नाही हे कळत नाही. अलार्म बंद करणं आणि थेंब घालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या घरात त्या एकच धरल्या जात होत्या.

म्हणून मी गूगल शीटमध्ये १४७ ओळी केल्या, प्रत्येक वेळेला एक ओळ. एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात "झालं"ची चौकट, तिसऱ्यात आठवण कुठल्या टप्प्यापर्यंत गेली ते, चौथ्यात पुढची आठवण कधी ते. शीटला जोडलेला छोटा प्रोग्राम, म्हणजे ॲप्स स्क्रिप्ट, दर पाच मिनिटांनी शीट वाचायची आणि गरज असेल तर टेलिग्रामवर निरोप पाठवायची. निरोपाखाली दोन बटणं, "झालं" आणि "१५ मिनिटांनी". दर मिनिटाला तपासायचं मनात होतं. पण साध्या गूगल खात्याला अशा आपोआप चालणाऱ्या कामासाठी दिवसाला एकूण ९० मिनिटं मिळतात. दिवसात १४४० फेऱ्या, एका फेरीला चार सेकंद धरले तरी ९६ मिनिटं होतात. पाच मिनिटांवर २८८ फेऱ्यांत भागलं.

पहिल्या वेळी माझं चुकलं ते स्नूझमध्ये. "१५ मिनिटांनी" दाबलं की ठरलेली वेळच पुढे सरकायची, आणि पुढचं सगळं त्या वेळेवरून मोजलं जायचं. एका दुपारी एक वाजता आई जेवत होती, बाबांनी पुढे ढकललं. मग आई आडवी झाली, परत ढकललं. असं चार वेळा. बाबांचं काही चुकलं नव्हतं, झोपलेल्या माणसाला कोण उठवणार? पण दोन वाजून गेले तरी वहिनींना पत्ता नाही, मला पत्ता नाही, कारण स्क्रिप्टच्या हिशेबाने उशीर झालाच नव्हता.

त्या रात्री दोन घड्याळं वेगळी केली. उशीर नेहमी मूळ वेळेपासून मोजायचा आणि त्या वेळेला कुणीही हात लावायचा नाही. स्नूझने फक्त त्याच माणसाला येणारी पुढची आठवण लांबते. २० मिनिटं झाली की निरोप वहिनींना, ४० झाली की मला, मध्ये स्नूझ असो वा नसो. गाभा एवढाच आहे:

```javascript
if (done || ushir < 0 || ushir > 120) continue;
const tappa = ushir >= 40 ? 3 : ushir >= 20 ? 2 : 1;
if (tappa > sent || now >= nextAt) pathva(tappa);
```

`sent` म्हणजे आधी कुठल्या टप्प्यापर्यंत निरोप गेला. टप्पा वाढला तर लगेच पाठवायचं, नाहीतर `nextAt` येईपर्यंत गप्प राहायचं. निरोप गेला की `nextAt` दहा मिनिटं पुढे, स्नूझ दाबलं तर पंधरा. पुढच्या आठवणी आधीच रांगेत लावून ठेवायच्या नाहीत, हे यातलं सगळ्यात कामाचं. लावून ठेवल्या तर काम झाल्यावर त्या शोधून रद्द कराव्या लागतात आणि एखादी हमखास राहते. इथे प्रत्येक फेरीला चौकट नव्याने वाचली जाते. खूण दिसली की विषय संपला.

तरी तक्रार आली. बाबा म्हणाले, "घातला की रे, दाबलं पण! तरी परत वाजतंय." एका निरोपाची वेळ आणि बाबांनी सांगितलेली बटण दाबल्याची वेळ शेजारी ठेवून बघितली. बाबांनी १:०८ ला "झालं" दाबलं होतं आणि १:१० ला आठवण गेली होती. माझी स्क्रिप्ट आधी निरोप पाठवायची आणि मग `getUpdates` करून बटणं गोळा करायची. १:०८ चं बटण १:१० च्याच फेरीत वाचलं जात होतं, पण निरोप सुटल्यावर. क्रम उलटा केला, आधी बटणं, मग तपासणी. त्यासोबत शेवटच्या `update_id` मध्ये एक मिळवून `offset` द्यावा लागतो, नाहीतर जुनीच बटणं दर फेरीला परत येत राहतात.

बाबा एकच बटण तीन-तीनदा दाबायचे तेही यामुळेच. पाच मिनिटं स्क्रीनवर काही बदलायचं नाही. मग बटण वाचल्यावर `editMessageText` ने निरोपच बदलून "एकचा थेंब घातला, बाबांनी" असा करायला लागलो, म्हणजे खालची बटणंही जातात. निरोप वहिनींकडे गेलेला असेल तर त्यांच्या फोनवरचाही बदलायचा. एकदा हे राहिलं होतं, तेव्हा वहिनी पोळ्या टाकून वर धावत आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, झालं असेल तर मला पण कळू दे की." त्यांचं बरोबर होतं. वरच्या टप्प्याला आठवण पाठवायची, तर काम झाल्याचं त्यांना कळवणंही तिथेच आलं.

आणखी एक चूक उशिरा सापडली. संध्याकाळी सातची आठवण आली, बाबांनी वर सरकवून चुकून दुपारी चारच्या न मिटलेल्या निरोपाखालचं "झालं" दाबलं आणि सातच्या ओळीवर खूण झाली. बटणातून नुसतं "झालं" एवढंच येत होतं आणि मी ते सगळ्यात ताज्या ओळीला लावत होतो. मग बटणासोबत येणाऱ्या `callback_data` मध्ये ओळीचा क्रमांक घातला, `done|23` असा. त्यात ६४ बाइट मावतात, आपल्याला सात-आठ अक्षरं पुरतात. आता बटण ज्या निरोपाखालचं, खूणही त्याच ओळीला.

१२० मिनिटांनंतर आठवण थांबते आणि ओळीत "चुकलं" असं लिहिलं जातं. तिथे "झालं" ची खूण कधीच आपोआप करू दिली नाही. उशिराची आठवण पुढच्या वेळेला येऊन भिडली, तर घाईत दोनदा थेंब जायची भीती होती. बाबांच्या फोनचं नेट बंद असलं की बटण पोचत नाही आणि थेंब घालूनही वहिनींना निरोप जातो. यावर उपाय सापडला नाही. वहिनींनी वर येऊन विचारायचं, एवढंच ठरवलं.

सहा आठवड्यांनी तपासणीला शीट सोबत नेली. १४७ पैकी चार ओळींवर "चुकलं" होतं, चारही पहिल्या दोन आठवड्यांतल्या. डॉक्टरांनी त्या तारखा बघितल्या, मग आईचा डोळा. घरी आल्यावर मी स्क्रिप्टचा ट्रिगर काढून टाकला.