शॅप्ले आणि मार्कोव्ह, नोंद तिसरी: रिकाम्या हातानं परतलेले पन्नास जण श्रेय कसं हलवतात

खरेदीचं श्रेय जाहिरातीच्या कोणत्या चॅनलला किती द्यायचं हे ठरवणारी दोन मॉडेलं म्हणजे शॅप्ले आणि मार्कोव्ह. या आठवड्यात तयार पॅकेज बाजूला ठेवलं आणि ती दोन्ही वहीत हातानं सोडवली. तीनच चॅनल, चारच मार्ग आणि १०० माणसं घेतली. एवढं लहान उदाहरण घेतल्यामुळेच एक गोष्ट सापडली, जी हजारो ओळींच्या डेटात मला कधीच दिसली नसती. म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहिते आहे.

दुकान काल्पनिक आहे, ऑनलाइन आकाशकंदील विकणारं. गिऱ्हाईक तीन वाटांनी येतं: इन्स्टाग्रामची जाहिरात, गूगल सर्च आणि ईमेल. आकडे मीच ठरवले.

| मार्ग | आलेले | खरेदी |
|---|---|---|
| इन्स्टा | ५० | २ |
| सर्च | २० | ४ |
| इन्स्टा → सर्च | २० | ६ |
| इन्स्टा → ईमेल → सर्च | १० | ६ |

एकूण १८ खरेद्या. लास्ट क्लिकनं, म्हणजे सगळं श्रेय शेवटच्या चॅनलला देऊन पाहिलं तर सर्चला १६, इन्स्टाला २ आणि ईमेलला शून्य. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत माणसं सर्चपर्यंत पोचली ती आधी कंदील कुठेतरी पाहिल्यामुळे, पण त्याची कुठेच दखल नाही. इथपर्यंत आपण सगळे असतोच.

आधी शॅप्ले

लॉइड शॅप्लेनं १९५३ साली मांडलेला प्रश्न असा होता: काही जणांनी मिळून काम केलं, तर फळ न्याय्य रीतीनं कसं वाटायचं? त्याचं उत्तर म्हणजे प्रत्येकाला शक्य त्या सगळ्या क्रमांनी एकेक करून आत येऊ द्यायचं, तो आल्यामुळे किती भर पडली ते मोजायचं आणि शेवटी सरासरी काढायची.

त्यासाठी प्रत्येक गटाची किंमत लागते. मी सगळ्यात जास्त वापरली जाणारी व्याख्या घेतली: फक्त त्या गटातल्या चॅनलवर पूर्ण झालेल्या खरेद्या. एकट्या इन्स्टाची किंमत २, एकट्या सर्चची ४, एकट्या ईमेलची ०. इन्स्टा आणि सर्च मिळून २ + ४ + ६ म्हणजे १२. इन्स्टा-ईमेल २, सर्च-ईमेल ४, तिघं मिळून १८.

ईमेलचं गणित पूर्ण करून पाहू. तिघांचे सहा क्रम होतात. त्यातल्या दोन क्रमांत ईमेल सगळ्यात शेवटी येतं आणि तेव्हा किंमत १२ वरून १८ होते, म्हणजे ६ ची भर. उरलेल्या चार क्रमांत ईमेल आल्यानं काहीच वाढत नाही, कारण त्याची एकमेव खरेदी होणारी वाट बाकी दोघांशिवाय पूर्ण होत नाही. १२ भागिले ६, म्हणजे ईमेलला २. बाकीचे दोन हातानं काढले आणि मग ताळा म्हणून हे चालवलं:

```python
from itertools import permutations
v = {"":0, "I":2, "S":4, "E":0,
     "IS":12, "EI":2, "ES":4, "EIS":18}
key = lambda s: "".join(sorted(s))
credit = dict.fromkeys("ISE", 0)
for p in permutations("ISE"):
    for i, c in enumerate(p):
        credit[c] += (v[key(p[:i+1])] - v[key(p[:i])]) / 6
print(credit)
```

इन्स्टा ७, सर्च ९, ईमेल २.

हे आकडे वहीत लिहिताना ओळखीचे वाटले. प्रत्येक मार्गाच्या खरेद्या त्या मार्गावरच्या चॅनलमध्ये सरळ सारख्या वाटून पाहिल्या. इन्स्टाला २, अधिक ६ चे अर्धे ३, अधिक ६ चा तिसरा हिस्सा २. बेरीज ७. सर्चची ९, ईमेलची २. तंतोतंत तेच उत्तर आलं. हा योगायोग नाही. गटाची किंमत अशी बेरजेनं काढली की शॅप्ले म्हणजे मार्गामार्गानं सारखी वाटणीच होते, मग चॅनल तीन असोत की तीस. (एकाच मार्गावर एक चॅनल दोनदा आलं असेल तर ते एकदाच धरलं जातं, एवढाच फरक.) त्यामुळे या व्याख्येसाठी सगळे क्रम फिरवणारा कोड लिहिण्यात काही हशील नाही.

आणखी एक परिणाम: यात रिकाम्या हातानं परतलेली माणसं कुठेच येत नाहीत. ५० पैकी २ घेवोत की ५,००० पैकी २, श्रेय तेच राहतं. हे टाळायला काही जण गटाची किंमत खरेदीच्या दरानं मोजतात. तसं करून पाहिलं आणि लगेच अडकले. आपल्या डेटात फक्त इन्स्टा आणि ईमेल पाहिलेलं माणूस एकही नाही. त्या गटाचा दर शून्य धरला तर इन्स्टानंतर ईमेल आल्यावर दर ०.०४ वरून शून्यावर उतरतो, म्हणजे ईमेलनं नुकसान केलं असं गणित म्हणतं. न पाहिलेल्या गटाला शून्य मानायची ही चूक मोठ्या डेटात लपून राहते. तिथे असे गट शेकड्यांनी असतात.

मग मार्कोव्ह

इथे विचार वेगळा आहे. माणूस एका चॅनलवरून दुसऱ्यावर जातो, शेवटी खरेदी करतो किंवा गळतो. प्रत्येक बाणाची शक्यता मोजायची. मग एक चॅनल पुसून टाकायचं, तिथे येणारे सगळे गळतीत घालायचे आणि किती खरेद्या बुडाल्या ते पाहायचं. याला रिमूव्हल इफेक्ट म्हणतात.

इन्स्टावर ८० जण आले: २ खरेदीला, २० सर्चला, १० ईमेलला गेले, ४८ गळले. ईमेलवरचे दहाच्या दहा सर्चला गेले. सर्चवर एकूण ५० आले आणि त्यांतल्या १६ जणांनी खरेदी केली, म्हणजे ०.३२. या ०.३२ वर लक्ष ठेवा, पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

ईमेल पुसलं तर त्याच्याकडून सर्चला जाणारे १० जण जातात. १० गुणिले ०.३२, म्हणजे ३.२ खरेद्या बुडतात. इन्स्टा पुसलं तर २ + ६.४ + ३.२ म्हणजे ११.६. सर्च पुसलं तर १६. यांची बेरीज ३०.८ होते, कारण एकच खरेदी दोन-तीन चॅनलच्या खात्यात बुडालेली दिसते. म्हणून शेवटी ती १८ च्या मापात बसवायची. सर्चला ९.३५, इन्स्टाला ६.७८, ईमेलला १.८७.

शॅप्लेच्या ९, ७, २ च्या अगदी जवळ. इथे मी थांबणार होते.

पन्नास रिकामे

मग सहज एक ओळ वाढवली. थेट सर्चवरून आलेले आणखी ५० जण, खरेदी शून्य. नुसते भाव बघून गेलेले. खरेद्या अजूनही १८ च. शॅप्लेत काहीच हललं नाही, ते अपेक्षितच होतं. मार्कोव्हमध्ये सर्चचं श्रेय घटेल असं मी धरून चालले होते.

आलं ते असं: सर्च ११.८०, इन्स्टा ५.०२, ईमेल १.१८. न घेणारी पन्नास माणसं आणल्याबद्दल सर्चचं श्रेय ९.३५ वरून वाढलं. दोनदा बेरीज तपासली, कोडनंही तेच दिलं.

कारण त्या ०.३२ मध्ये आहे. आता सर्चवर १०० जण आणि खरेद्या १६, म्हणून दर ०.१६ झाला. साध्या मार्कोव्ह साखळीला माणूस आत्ता कुठे आहे एवढंच ठाऊक असतं. तो कुठून आला ते ती विसरते. त्यामुळे ईमेल वाचून सर्चवर आलेल्या माणसालाही तोच ०.१६ लागला. ईमेल पुसल्यावर आता १.६ च खरेद्या बुडतात, इन्स्टा पुसल्यावर ६.८. सर्च पुसलं की मात्र पूर्वीसारख्याच १६ बुडतात. सर्चचा वाटा वाढला तो बाकीच्यांचा पुसला गेल्यामुळे.

आणि ही विस्मृती पहिल्या उदाहरणातही होतीच, फक्त तिथे दिसली नव्हती. सर्चवर पोचलेल्यांची साखळीनं सांगितलेली खरेदी आणि खरी खरेदी शेजारी मांडली की लगेच कळतं. थेट सर्चवाले: साखळी ६.४, खरे ४. इन्स्टावरून आलेले: साखळी ६.४, खरे ६. ईमेलवरून आलेले: साखळी ३.२, खरे ६. बेरीज दोन्हीकडे १६ जुळते, म्हणून एकूण आकडा बघून चूक कधीच सापडत नाही. माझ्या मते कुठलंही मार्कोव्ह मॉडेल वापरण्याआधी ही मार्गवार तपासणी करावीच.

एक पाऊल मागची आठवण

उपाय ठाऊक असलेलाच आहे: साखळीला आधीचं चॅनलही लक्षात ठेवू द्यायचं. R च्या `ChannelAttribution` मध्ये `markov_model` ला `order = 2` दिलं की हेच होतं. आता 'ईमेलनंतरचं सर्च' ही वेगळी जागा, तिथला दर ०.६. 'इन्स्टानंतरचं सर्च' ०.३. 'थेट सर्च' ०.२. ईमेल पुसलं की ६ बुडतात, इन्स्टा पुसलं की १४, सर्च पुसलं की १६. बेरीज ३६, म्हणून सगळ्यांचं बरोबर अर्धं: सर्च ८, इन्स्टा ७, ईमेल ३. ते पन्नास रिकामे परत घातले तरी हे आकडे जागचे हलत नाहीत, कारण ते फक्त 'थेट सर्च'च्या जागेत पडतात.

ईमेलचं श्रेय १.१८, १.८७, २ आणि ३ असं चार ठिकाणी चार झालं. खरेद्या मात्र त्याच.

ऑर्डर २ चीही किंमत आहे. 'ईमेलनंतरचं सर्च' ही जागा दहाच माणसांवर उभी आहे. त्यांतल्या दोघांनी घेतलं नसतं, म्हणजे ६ ऐवजी ४ खरेद्या असत्या, तर एकूण १६ पैकी ईमेलचा वाटा २.१३ वर आला असता. आठ चॅनल असतील तर अशा ६४ जोड्या होतात आणि बहुतेकांच्या वाट्याला मूठभर माणसं येतात. म्हणून प्रत्येक जागेत किती माणसं आहेत ते मी आता श्रेयाच्या शेजारच्या रकान्यात लिहिते. ३० च्या खाली असेल तर त्या आकड्यावर पेन्सिलनं गोल करते. ३० ही माझी सोय आहे, नियम नाही.

दोन्ही मॉडेलांतलं एक गृहीतक मात्र ऑर्डर वाढवून जात नाही. ईमेल पुसल्यावर ते दहा जण गळतात असं आपण धरलं. त्यांतले काही जण ईमेल न मिळताही सर्च करून आले असते का, हे मार्गांच्या डेटात कुठेच लिहिलेलं नसतं. त्यासाठी काही जणांना मुद्दाम ईमेल न पाठवता फरक मोजावा लागतो.

पुढच्या नोंदीसाठी पाचवा मार्ग वहीत घालून ठेवला आहे: इन्स्टा → ईमेल → ईमेल → सर्च, १० जण, ३ खरेद्या. साध्या साखळीत ईमेलवरून ईमेलवरच परत येणारा बाण तयार होतो आणि प्रत्यक्षात दोनच ईमेल गेले असले तरी मॉडेल तिसरा, चौथाही शक्य धरतं. त्याचं गणित अजून सोडवायचं आहे.