घरातल्या दिव्यांचे केल्विन ठरवताना: माझा अनुभव

पुण्यातल्या आमच्या फ्लॅटचे वायरिंग आणि रंगकाम एकदमच काढले होते. दिव्यांची यादी करायची वेळ आली, तेव्हा इलेक्ट्रिशियनने एका वाक्यात विषय मिटवला: “ताई, सगळीकडे व्हाइटच टाका, पिवळ्याने घर अंधारं वाटतं.” सासूबाईंचेही मत तेच पडले. त्यांचे बालपण ४० वॉटच्या बल्बखाली गेले असल्यामुळे पिवळा उजेड म्हणजे मिणमिणता उजेड, हे समीकरण त्यांच्या मनात पक्के बसलेले आहे.

हा अनुभव खोटा नाही, पण त्याचे कारण रंगात नाही. तारेचा ४० वॉटचा बल्ब जेमतेम ४०० ल्युमेन प्रकाश देत असे आणि त्याच्या जागी आलेली ३६ वॉटची ट्यूबलाइट सुमारे २,५०० ल्युमेन देत असे. म्हणजे खोली उजळली ती पांढऱ्या रंगामुळे नव्हे, तर सहापट प्रकाशामुळे. दिवा किती प्रकाश देतो हे ल्युमेन सांगतात आणि त्या प्रकाशाची छटा कोणती हे केल्विन सांगतात. त्यामुळे आम्ही दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठरवायच्या असे ठरवले आणि तिथून निवडीला काही शिस्त आली.

केल्विनचा आकडा प्रथम उलटा वाटतो, कारण आकडा जितका मोठा तितका प्रकाश ‘थंड’ दिसतो. लोहाराच्या भट्टीत लोखंड तापत जाते तसे ते आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळसर पांढरे होते. ते न वितळता आणखी तापवता आले असते, तर त्याची झळाळी निळसर झाली असती. दिव्याच्या प्रकाशाची छटा अशा तापलेल्या पदार्थाच्या ज्या तापमानाशी जुळते, तो त्याचा केल्विन आकडा. जुन्या बल्बची तार खरोखरच २,७०० केल्विनच्या आसपास तापत असे. एलईडी मात्र तितकी तापत नाही. तिच्यातली चिप निळा प्रकाश देते आणि चिपवरचा पिवळा लेप त्यातल्या काही प्रकाशाचे पिवळ्या-लाल प्रकाशात रूपांतर करतो. या रूपांतरात थोडी ऊर्जा वाया जाते आणि उबदार छटेसाठी ते अधिक करावे लागते, म्हणून एकाच कंपनीच्या, एकाच वॉटच्या बल्बांमध्ये वॉर्म व्हाइटच्या खोक्यावर ल्युमेनचा आकडा बहुधा किंचित कमी असतो. ती तूट एखादा दिवा वाढवून सहज भरून निघते.

आपल्याकडे दुकानात मुख्यतः तीन छटा मिळतात: ३,००० केल्विनचा वॉर्म व्हाइट, ४,०००चा न्यूट्रल किंवा नॅचरल व्हाइट आणि ६,५००चा कूल डेलाइट. मी एकाच कंपनीचे ९ वॉटचे तीन बल्ब आणले आणि एक्स्टेंशनला होल्डर जोडून, अंधार पडल्यावर प्रत्येक खोलीत ते एकामागून एक लावून पाहिले. दर वेळी घरातले बाकीचे दिवे बंद ठेवले आणि बल्ब बदलल्यावर काही मिनिटे थांबल्यावरच मत बनवले, कारण डोळे समोरच्या छटेलाच पांढरे मानू लागतात; लगेच पाहिले, तर प्रत्येक नवा बल्ब विचित्रच दिसतो. सोबत भिंतीच्या रंगाचे शेडकार्ड धरले होते. आम्हाला आवडलेली फिकट मोतिया छटा ३,०००मध्ये सायीसारखी दिसत होती आणि ६,५००मध्ये तिच्यावर राखाडी झाक येत होती. रंगाच्या दुकानातल्या कडक पांढऱ्या उजेडात शेड पक्की न करता आम्ही ती घरच्या दिव्याखाली पक्की केली.

बेडरूममध्ये एकाच बल्बाचा मंद उजेड होता आणि तिथे ६,५०० केल्विन अगदी उदास, निस्तेज वाटला. फिलिप्स कंपनीतले संशोधक क्रौटहॉफ यांनी १९४१ मध्ये असेच म्हटले होते: कमी उजेडात उबदार छटा बरी वाटते आणि भरपूर उजेडात थंड छटा चालते. नंतरच्या प्रयोगांनी त्यांचा आलेख जसाच्या तसा उचलून धरलेला नाही, पण मंद दिव्याला निळसर छटा मानवत नाही, एवढे तरी आमच्या घरात सर्वांना पटले. शिवाय झोपेपूर्वी निळा अंश जास्त असलेला प्रखर उजेड शरीराला झोपेची वेळ कळवणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचे स्रवणे दडपतो. म्हणून बेडरूमला ३,००० केल्विन आणि तोही बेताचाच उजेड ठेवला.

खरा पेच स्वयंपाकघराचा होता, कारण ते हॉलला लागून उघडे आहे. हॉलमध्ये ३,००० लावून सोफ्यावरून ६,५००च्या ओट्याकडे पाहिले, की ओटा दवाखान्यातल्यासारखा निळा दिसे. ओट्यावर उभे राहून हॉलकडे पाहिले, तर हॉल पिवळाधमक. एकाच नजरेत येणाऱ्या जागांमध्ये एवढी तफावत नको, म्हणून ओट्यासाठी ४,००० केल्विन ठरवला. इथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. डोळ्याला जाणवणारा फरक आकड्यांच्या वजाबाकीप्रमाणे चालत नाही. २,७०० आणि ३,००० हे दिवे शेजारी ठेवले तर फरक कळतो. ६,००० आणि ६,५०० यांत तो जवळजवळ कळत नाही. त्यामुळे उबदार बाजूला आकडा काटेकोर पाळावा लागतो आणि थंड बाजूला थोडे इकडेतिकडे चालते.

ओट्यावर केल्विनपेक्षाही सीआरआय महत्त्वाचा ठरला. वस्तूंचे रंग दिव्याखाली किती खरे दिसतात, याचा हा आकडा. तो १००पर्यंत असतो. ८० आणि ९० सीआरआयचे, दोन्ही ४,००० केल्विनचे दिवे लावून खाली टोमॅटो आणि परतलेला कांदा ठेवला. ८०च्या दिव्याखाली टोमॅटो जरा विटकरी दिसत होता आणि कांदा गुलाबी आहे की करपू लागला आहे, ते नीट समजत नव्हते. ९०च्या दिव्याखाली दोन्ही स्पष्ट दिसले. छटा तीच असून लाल रंग मात्र वेगळा दिसला. खोक्यावर हा आकडा बारीक अक्षरात असतो आणि काही खोक्यांवर नसतोच.

दुकानदाराने ‘थ्री-इन-वन’ दिव्यांचाही आग्रह धरला. त्यांत बटण बंद-चालू केले की छटा बदलते. एकटा दिवा असेल तिथे ते ठीक आहे. हॉलच्या छतात सहा दिवे एका बटणावर आहेत. वीज क्षणभर लुकलुकली आणि त्यातला एखादा पुढच्या छटेवर गेला, तर सहा जणांना पुन्हा एका सुरात आणत बसावे लागते. मी तिथे साधे ३,०००चेच दिवे घेतले आणि त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे दोन जास्तीचे घेऊन ठेवले, कारण दोन कंपन्यांचे ‘३,०००’ शेजारी लावले की बरेचदा एक गुलाबीसर आणि दुसरा हिरवट दिसतो.

सासूबाईंची हरकत शेवटपर्यंत एकच होती: “अगं, त्या पिवळ्या उजेडात मला सुई ओवता येत नाही.” त्यांचे म्हणणे रास्त होते. वयानुसार डोळ्यातले भिंग पिवळसर होते, आत पोहोचणारा प्रकाश घटतो आणि बारीक कामाला तरुणपणापेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो. म्हणून त्यांच्या खोलीत छताला ३,००० केल्विन ठेवून खुर्चीशेजारी ४,०००चा, ९० सीआरआयचा, वाकवता येणारा टेबललॅम्प दिला. त्याचा सगळा प्रकाश हातातल्या कापडावरच पडतो. सुई ओवताना तो लावतात; बाकी वेळ बंद असतो.